बँकेकडे लिमिट वाढवून मागताना : लिंबागणेशच्या एका दुकानाचा हिशेब

आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांपैकी अनेकांचे बँकेत कॅश क्रेडिटचे, म्हणजे सी.सी.चे खाते असते. खाते उघडले तेव्हा धंदा लहान होता, म्हणून दोन-चार लाखांची मर्यादा मिळाली. पुढे धंदा वाढला आणि मर्यादा तिथेच राहिली. मग एक दिवस कोऱ्या कागदावर अर्ज लिहिला जातो : "धंदा वाढला आहे, तरी लिमिट दुप्पट करून मिळावे." शाखाधिकारी तो वाचून ठेवून देतात आणि आपण म्हणतो, बँक आपल्याला उभे करत नाही.

असे काही अर्ज आमच्या पाहण्यात आले आहेत. त्यांतील बहुतेकांत मागितलेली रक्कम होती, पण ती कुठून आली याचा हिशेब नव्हता. बँकेला पत्रातले शब्द लागत नाहीत. तिला तीन गोष्टी कळायला हव्या असतात : पुढील वर्षी विक्री किती होईल, त्यासाठी माल आणि उधारी यांत किती पैसा अडकेल आणि तो पैसा परत कधी येईल. बँकेकडून कर्ज घ्यावे की न घ्यावे हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. ज्यांचे खाते आधीच चालू आहे, त्यांच्यासाठी हा हिशेब कसा मांडावा ते आज पाहू.

उदाहरणासाठी आम्ही बीड तालुक्यातील लिंबागणेश हे गाव घेतले आहे. बालाघाटच्या डोंगरात, मांजरसुंब्याहून पाटोद्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे बाजाराचे गाव. येथे लोखंडी सामान, पत्रे, पाईप, ताडपत्री विकणारे आणि मागच्या बाजूला भट्टीवर कोयते, खुरपी घडवणारे एक दुकान आहे असे धरू. पुढील आकडे कोणा एका दुकानाचे नाहीत, ते आम्ही समजावून सांगण्यासाठी मांडले आहेत. मात्र हंगाम तिथलेच आहेत, आणि सगळा प्रश्न हंगामाचाच आहे.

आज पैसा कुठे आहे?

दुकानाची गेल्या तीन वर्षांची विक्री ३० लाख, ३४ लाख आणि ३८ लाख आहे. बँकेची मर्यादा ४ लाख. वर्षाच्या सरासरीने दुकानात ५ लाख ६० हजारांचा माल असतो आणि गिऱ्हाइकांकडे ४ लाख ७५ हजारांची उधारी. दोन्ही मिळून १० लाख ३५ हजार रुपये धंद्यात गुंतलेले आहेत.

हे पैसे कोणाचे? ४ लाख बँकेचे, २ लाख ८५ हजार घाऊक व्यापाऱ्यांचे, म्हणजे ज्यांच्याकडून माल उधार आणला त्यांचे, आणि उरलेले ३ लाख ५० हजार मालकाचे स्वतःचे.

अर्जाची सुरुवात इथून करावी. कारण यातून दोन गोष्टी आपोआप दिसतात. पहिली, बँकेची मर्यादा अपुरी असल्यामुळे घाऊक व्यापाऱ्याचे पैसे जवळपास महिनाभर थकतात, आणि पंधरा दिवसांत पैसे दिल्यावर मिळणारी सूट हातची जाते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. बँक माल आणि उधारी यांच्या बेरजेतून देणी वजा करते, कारण ज्या मालाचे पैसे दिलेले नाहीत तो माल आपला धरला जात नाही. उरलेल्या रकमेतून साधारण २५ टक्के मालकाचा हिस्सा म्हणून सोडते आणि बाकी ७५ टक्के उचलू देते. यालाच ड्रॉइंग पॉवर म्हणतात. आपल्या दुकानाची ही रक्कम आजच ५ लाख ६२ हजार होते. म्हणजे आज असलेल्या मालावर आणि उधारीवरही बँक ४ लाखांपेक्षा जास्त देऊ शकते. हे एक वाक्य अर्जात असले, तर अधिकारी पुढचे पान उलटतो.

पुढील वर्षाची विक्री

अंदाजे विक्री लिहिताना आपल्याकडे मोठी चूक होते. ३८ लाखांवरून एकदम ६० लाख लिहिले जातात, कारण आकडा मोठा असला की मर्यादा मोठी मिळेल असा समज असतो. अधिकारी मागील विक्री पाहतो. दरवर्षी ४ लाखांची वाढ आहे, म्हणजे पुढील वर्षी ४२ लाख त्याला सहज पटतील. त्यावरचा प्रत्येक लाख आपण सिद्ध करावा लागतो.

आपल्या दुकानदाराने ४५ लाख लिहायचे ठरवले. वरचे ३ लाख त्याने असे दाखवले. बीड जिल्ह्यातून दरवर्षी ऊसतोडीसाठी हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे जातात. दसऱ्याच्या आगेमागे टोळ्या निघतात, त्याआधी कोयते, ताडपत्री आणि पालाचे सामान घेतले जाते. गेल्या हंगामात मुकादमांनी मागितलेला १ लाख ८० हजारांचा माल दुकानात नव्हता. त्याची नोंद दुकानदाराने वहीत तारखेसह केली होती. उरलेले १ लाख २० हजार पाईपचे : शेतकऱ्यांना दिलेल्या कोटेशनपैकी जी माल नसल्यामुळे दुसरीकडे गेली, त्यांच्या प्रती जोडल्या.

परत गेलेल्या गिऱ्हाइकाची नोंद आपल्याकडे कोणी ठेवत नाही. बँकेपुढे तिच्याइतका बोलका पुरावा दुसरा नाही.

आणखी एक. मागील विक्री ३८ लाख सांगितली, तर जीएसटीच्या विवरणपत्रातही तीच हवी, आणि बँकेच्या खात्यातून त्यातला मोठा भाग फिरलेला हवा. विक्री ३८ लाखांची आणि खात्यात जमा फक्त १४ लाख, असे असेल तर अधिकारी गप्प बसतो आणि अर्जही तिथेच थांबतो. म्हणून मर्यादा मागण्याच्या किमान वर्षभर आधीपासून रोखीचा भरणा आणि फोनवरून येणारे पैसे याच खात्यात आणावेत.

वीस टक्क्यांचा नियम

लहान उद्योगांना खेळते भांडवल पुरेसे मिळत नाही, ही तक्रार जुनी आहे. रिझर्व्ह बँकेने पी. आर. नायक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि तिचा अहवाल १९९२ मध्ये आला. तिची शिफारस सोपी होती. वर्षाच्या अंदाजे विक्रीच्या २५ टक्के इतके खेळते भांडवल लागते असे धरावे. त्यातील २० टक्के बँकेने द्यावेत आणि ५ टक्के मालकाने घालावेत. यामागे गृहीत असे की पैसा वर्षातून चार वेळा फिरतो, म्हणजे माल आणल्यापासून पैसे परत येईपर्यंत तीन महिने लागतात. ही पद्धत तेव्हा लघुउद्योगांसाठी होती. पुढे तिची व्याप्ती वाढत गेली आणि लहान व्यापाऱ्यांच्या खात्यांनाही अनेक बँका हीच पद्धत लावतात.

या नियमाने ४५ लाखांच्या विक्रीवर ९ लाखांची मर्यादा होते. अनेकजण इथेच थांबतात आणि ९ लाख लिहून मोकळे होतात. पण मंजूर मर्यादा ही फक्त वरची रेघ आहे. दर महिन्याला प्रत्यक्षात किती उचलता येईल ते माल आणि उधारीचे पत्रक, म्हणजे स्टॉक स्टेटमेंट ठरवते. म्हणून नियमाने आलेला आकडा आपल्या हंगामावर तपासून पाहिला पाहिजे.

वर्षाचे चार मुक्काम

बारा महिन्यांचा तक्ता अर्जाला जोडावा. इथे आपण त्यातील चार महिनाअखेर पाहू. विक्री ४५ लाख आणि मालकाचे स्वतःचे पैसे पूर्वीइतकेच, ३ लाख ५० हजार.

जानेवारीअखेर बाजार थंड. टोळ्या बाहेर, सोयाबीन आणि कापसाचे बरेच पैसे येऊन गेलेले. माल ४ लाख ५० हजार, उधारी ३ लाख ५० हजार, देणी १ लाख. बँकेकडून फक्त ३ लाख ५० हजार लागतात.

एप्रिलअखेर पावसाआधीची खरेदी : पत्रे, पाईप, ताडपत्री. माल ७ लाख, उधारी ३ लाख ८० हजार, देणी २ लाख. बँकेची गरज ५ लाख ३० हजार.

जुलैअखेर माल उतरलेला असतो, पण पैसा आलेला नसतो. खरिपाची पेरणी झालेली, शेतकऱ्याने सुगीच्या बोलीवर सामान नेलेले. माल ५ लाख ६० हजार, उधारी ८ लाख, देणी १ लाख ५० हजार. गरज ८ लाख ६० हजार.

सप्टेंबरअखेर सर्वांत कठीण. ऊसतोडीच्या सामानाने दुकान भरलेले, माल ९ लाख ५० हजार, जुनी-नवी उधारी ६ लाख ५० हजार, देणी २ लाख ५० हजार. गरज १० लाख.

म्हणजे सरासरी गरज सुमारे ७ लाख, पण सप्टेंबरला १० लाख. मग १० लाख मागावेत का? अनेकजण तेच करतील, आणि मंजूर झाले तरी सप्टेंबरमध्ये त्यांना १० लाख उचलता येणार नाहीत. याचे कारण बँकेच्या कागदात दडलेले असते.

नव्वद दिवसांची अडचण

मंजुरीपत्रात बहुधा अशी अट असते की ९० दिवसांपेक्षा जुनी उधारी ड्रॉइंग पॉवरसाठी धरली जाणार नाही. काही ठिकाणी ही मुदत कमी-अधिक असते. जूनमध्ये दिलेले पाईप सप्टेंबरअखेर ९० दिवसांच्या पलीकडे जातात. शेतकऱ्याने तर सुरुवातीपासूनच सोयाबीन निघाल्यावर देतो असे सांगितले होते. तो बुडवणारा नाही, आपल्या दृष्टीने ती चांगली उधारी आहे. बँकेच्या दृष्टीने मात्र ती शून्य आहे.

आपल्या दुकानात सप्टेंबरअखेर अशी जुनी उधारी २ लाख धरू. माल आणि उधारी मिळून १६ लाख. त्यातून २ लाख जुनी उधारी आणि २ लाख ५० हजार देणी गेली, उरले ११ लाख ५० हजार. त्याचे ७५ टक्के म्हणजे ८ लाख ६२ हजार. गरज १० लाखांची आणि हातात येणार ८ लाख ६२ हजार. ऐन ऊसतोडीच्या खरेदीच्या वेळी जवळपास १ लाख ४० हजार कमी पडतात. गेल्या वर्षी मुकादम परत गेले ते अशाच महिन्यात.

मर्यादा १२ लाख केली तरी हा खड्डा भरत नाही. तो भरण्याचा उपाय वसुलीत आहे. मूग आणि उडीद सोयाबीनच्या आधी निघतात. ज्यांचा मूग-उडीद आहे त्यांची जूनची उधारी सप्टेंबरमध्ये वसूल करायची. ऊसतोडीला जाणाऱ्यांना मुकादमाकडून उचल मिळते तेव्हा त्यांचे जुने खाते आधी मिटवायचे आणि मगच नवा माल द्यायचा. जुन्या २ लाखांपैकी १ लाख ४० हजार असे आले, तर बँकेची गरज ८ लाख ६० हजारांवर येते. ड्रॉइंग पॉवर मात्र कमी होत नाही, कारण वसूल झालेली ती उधारी बँकेने धरलेलीच नव्हती.

आता सगळे जुळते. जुलैची गरज ८ लाख ६० हजार, सप्टेंबरची ८ लाख ६० हजार, आणि मर्यादा ९ लाख. वीस टक्क्यांचा नियमही तेच सांगतो. अधिकाऱ्याला दोन वेगळ्या वाटांनी एकच आकडा आलेला दिसतो.

माल आणि उधारी, दोन्हींवर

अर्जातला एक शब्द राहिला तर ही सारी मांडणी कोसळते. अनेक छोट्या खात्यांत बँक फक्त मालावर पैसे देते, उधारी धरतच नाही. तसे असेल तर जुलैअखेर ५ लाख ६० हजारांच्या मालातून दीड लाख देणी वजा जाऊन ४ लाख १० हजार उरतात आणि त्यावर उचल मिळते ३ लाख ७ हजार. मर्यादा ९ लाखांची असूनही! म्हणून आपले जुने मंजुरीपत्र काढून वाचावे आणि नव्या अर्जात स्पष्ट लिहावे की मर्यादा माल आणि येणे उधारी या दोन्हींच्या तारणावर हवी. त्यासाठी उधारी बिलाची हवी, गिऱ्हाइकाचे नाव, बिलाची तारीख आणि रक्कम यांची यादी हवी. वहीत पेन्सिलने मांडलेली उधारी बँक धरत नाही.

अर्ज असा असावा

पत्र एका पानाचे पुरे. बाकी सारे तक्त्यात. नमुना असा :

"मा. शाखाधिकारी यांस. महोदय, आमच्या सी.सी. खात्याची मर्यादा ४ लाख रुपये आहे. मागील तीन वर्षांची विक्री ३०, ३४ व ३८ लाख असून पुढील वर्षी ४५ लाख अपेक्षित आहे. वाढीची कारणे व पुरावे सोबत जोडले आहेत. सध्याचा सरासरी माल ५.६० लाख, येणी ४.७५ लाख व देणी २.८५ लाख असून त्यावरील ड्रॉइंग पॉवर ५.६२ लाख होते. पुढील वर्षी सरासरी माल ६.६० लाख, म्हणजे दोन महिन्यांच्या विक्रीस लागणारा, व येणी ५.६० लाख, म्हणजे दीड महिन्याच्या विक्रीइतकी राहतील. देणी अर्ध्या महिन्याच्या खरेदीइतकी, १.७० लाखांवर आणू. जुलै व सप्टेंबर हे गरजेचे महिने असून तेव्हा ८.६० लाख लागतील. जानेवारीत उचल ३.५० लाखांपर्यंत खाली येईल. माल व येणी यांच्या तारणावर ९ लाख रुपयांची मर्यादा मंजूर व्हावी, ही विनंती. आमचे स्वतःचे ३.५० लाख रुपये धंद्यात राहतील. माल व उधारीचे पत्रक दरमहा वेळेवर देऊ."

यात जानेवारीचा आकडा मुद्दाम घातला आहे. जे खाते वर्षभर मर्यादेला टेकून राहते, त्यातला पैसा मालात नसून घराच्या बांधकामात किंवा टेम्पोत गेला आहे अशी शंका बँकेला येते. ती शंका पुष्कळदा खरीही असते. खाते वर-खाली होणे हीच धंदा चालू असल्याची खूण आहे.

व्याज परवडेल का, तेही एका ओळीत दाखवावे. सरासरी ३ लाख जास्त वापरले आणि दर ११ टक्के धरला तर वर्षाला ३३ हजार जातात. विक्रीवर १२ टक्के ढोबळ नफा धरला तर वाढीव ७ लाखांवर ८४ हजार येतात. अर्ध्या खरेदीवर, म्हणजे २० लाखांवर, लवकर पैसे दिल्याची दीड टक्का सूट मिळाली तर आणखी ३० हजार.

फुगवलेल्या आकड्यांचे काय होते

कोणी म्हणेल, माल थोडा वाढवून लिहिला तर काय बिघडले? बिघडते ते नंतर. एकदा कागदावर दोन लाखांचा नसलेला माल दाखवला की तो दर महिन्याच्या पत्रकात दाखवत राहावा लागतो. अधिकारी दुकानात मोजणीला आला, किंवा जीएसटीतील खरेदीशी पत्रक ताडून पाहिले, की माल निघत नाही. ड्रॉइंग पॉवर एका दिवसात खाली येते आणि आपली उचल मात्र वरच असते. उचल सतत ९० दिवस मर्यादेपेक्षा किंवा ड्रॉइंग पॉवरपेक्षा जास्त राहिली, की खाते अनुत्पादक म्हणजे एनपीए धरले जाते. तीन महिन्यांपेक्षा जुन्या पत्रकावर चाललेली उचलही अनियमित समजली जाते आणि तशी ९० दिवस चालली तर परिणाम तोच. पत्रक न देण्याचा आळस केल्यामुळे चालता धंदा असलेली खातीही अशी अडकतात. एकदा तो शिक्का बसला, की पुढे दुसऱ्या बँकेचे दारही उघडत नाही.

लिंबागणेशसारख्या ठिकाणी अर्ज फेब्रुवारीत द्यावा. कागदपत्रांची फेरी, दुकानाची पाहणी आणि मंजुरी यांत आठवडे जातात, आणि पहिली मोठी खरेदी एप्रिलमध्ये असते. सोबत तीन वर्षांचे ताळेबंद, जीएसटीची विवरणपत्रे, वर्षभराचा खातेउतारा, उद्यम नोंदणी, उधारीची तारीखवार यादी आणि बारा महिन्यांचा तक्ता जोडावा. तक्ता हिशेबनिसाकडून करून घेतला तरी त्यातला प्रत्येक आकडा आपल्याला तोंडी सांगता आला पाहिजे. सप्टेंबरमध्ये पैसे कमी पडणार हे तुम्हाला ठाऊक आहे का, आणि तेव्हा काय करणार, हा प्रश्न अधिकारी विचारतोच. त्याचे उत्तर कोणत्या गिऱ्हाइकाचा मूग कधी निघतो हे जाणणाऱ्या दुकानदाराकडेच असते.